मुलीच्या रिसेप्शनला बापानं काय बोलावं? (सोलापूर)

जॉबर_साखरपेठ

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात थोरल्या लेकीचं लग्न आहे, इथंच सोलापुरात. मुहूर्त दुपारचा. संध्याकाळी सातला त्याच कार्यालयात रिसेप्शन, आणि जेवणं उरकली की लातूरची मंडळी तिला घेऊन निघणार. परवा जावई म्हणाले, "बाबा, रिसेप्शनला तुम्ही दोन शब्द बोला." मी हो म्हणून बसलो. आमच्याकडं असं कुणी बोलत नाही ओ. मुलीचा बाप म्हणजे दारात उभा राहून "जेवून जा" म्हणणारा माणूस.

मी टॉवेलच्या कारखान्यात मागांवर जॉबर आहे. माईक कधी हातात धरलेला नाही. तरी रात्री बसून एवढं लिहिलं:

"आज मी माझ्या काळजाचा तुकडा आपल्या पदरात टाकत आहे. लेक ही परक्याचं धन असते. आम्ही तिला फुलासारखं जपलं. तिच्या हातून काही चुकलं माकलं तर पोटात घाला, तिला आपल्या लेकीसारखं सांभाळा, हीच हात जोडून विनंती."

मोठ्यानं वाचून पाहिलं, तर हे कुणी दुसराच बोलतोय असं वाटलं. रडकं नको, सिनेमातलं नको, सरळ असावं. लहानपणीची एखादी आठवण घालावी असं मनात आहे. पण कुठली घ्यावी ते कळत नाही. सांगा.

श्रीकांत_काका

प्रथम अभिनंदन! माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नात मी बोललो आहे, म्हणून सांगतो. एक, कागद अजिबात हातात घेऊ नका. मनातून येतं तेच खरं. दोन, तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. तीन, रिसेप्शनला नको, ऐन पाठवणीच्या वेळी बोला, तेव्हा वातावरण असतं. आणि व्याह्यांना "सांभाळून घ्या" म्हटलंच पाहिजे. ती रीत आहे, न म्हटल्यास गर्व दिसतो.

गड्ड्याचा_पाहुणा

काका मंगलाष्टक पायजे का? माझ्याकडं पाच कडवी तयार हायेत, फक्त नवरा-नवरीचं नाव घालायचं. चालीवर बसतंय, टेन्शन घेऊ नका.

जॉबर_साखरपेठ

मंगलाष्टकं गुरुजी म्हणणार आहेत. मला भाषण पायजे.

गड्ड्याचा_पाहुणा

मग त्यातलं एक कडवं भाषणात म्हणा की. लोकं टाळ्या वाजवतेत.

सूत्रधार_मावशी

मी लग्नाच्या आणि सत्काराच्या कार्यक्रमांचं निवेदन करते, सोलापूर, बार्शी, पंढरपूर या पट्ट्यात. वधूपित्याला माईक दिल्यावर काय काय होतं ते जवळून पाहिलंय.

काकांचं तीन मिनिटांचं म्हणणं अगदी बरोबर. पण कागद नको हे मला पटत नाही. ज्याला बोलायची सवय आहे त्यानं कागद टाळावा. ज्याला नाही तो कागदाशिवाय उभा राहिला की दोन गोष्टी होतात. एक तर तिसऱ्या वाक्याला सगळं विसरून तो "जास्त काही बोलत नाही" म्हणत माईक परत देतो. नाहीतर आभार सुरू करतो, आणि ते चुलत्यापासून मंडपवाल्यापर्यंत जातात. कागद ठेवा. घडीचा पातळ कागद नको, तो थरथरतो आणि ते मागच्या रांगेलाही दिसतं. शाळेतल्या परीक्षेचं पॅड असतं ना, त्याला लावा. अक्षर मोठं, एका ओळीत एकच वाक्य, आणि पानाचा खालचा भाग कोरा सोडा. पान भरलेलं असलं की मान खाली जाते आणि आवाज छातीत पडतो.

पाठवणीच्या वेळी बोलायचं मात्र मनातूनच काढून टाका. तेव्हा आई रडत असते, मुलगी रडत असते, बाहेर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देत असतो. शब्दांना तिथं जागाच नसते. रिसेप्शनलाच बोला, पण वेळ नेमकी धरा. सातला लोक नसतात. साडेनऊला पाकीट देऊन, जेवून लोक गेलेले असतात. आठच्या सुमारास दोन्हीकडची घरची माणसं स्टेजजवळ असतात. तेव्हा फोटोची रांग पाच मिनिटं थांबवायची. हे फोटोग्राफरला आणि निवेदकाला आधी सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी ऐकत नाही.

आता मजकूर. तुमच्या पहिल्या मसुद्यात तुमची मुलगी कुठंच नाही. "काळजाचा तुकडा", "फूल", "परक्याचं धन" हे कुणाच्याही मुलीला लागू पडतं, म्हणून ते तुम्हाला तुमचं वाटेना. आठवणी कुठल्या कुठल्या आहेत ते लिहा, मग बोलू.

अश्विनी_जे

मुलीच्या बाजूनं एक सांगते. माझ्या रिसेप्शनला बाबांनी मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर रडत सुटले तो किस्सा सांगितला. सगळे हसले, मीही फोटोपुरती हसले. नवऱ्याचे ऑफिसमधले लोक अजून त्यावरून चिडवतात. काका, आठवण कुठलीही निवडा, पण तिला आधी विचारा. आणि ते "परक्याचं धन" काढाच. मी तेव्हाही कमावत होते, आताही कमावते, मी कुणाचं धनबिन नाही.

श्रीकांत_काका

शब्द जुने आहेत, भाव वाईट नसतो, ताई.

अश्विनी_जे

भाव वाईट नसेलही काका. पण ऐकणारी तिथं नटून उभी असते आणि तिला उलटून काही बोलता येत नाही.

जॉबर_साखरपेठ

ते वाक्य काढलं. आठवणी अशा:

१. पार्क मैदानावर मी तिला सायकल शिकवली. मागून धरलेली सीट सोडली आणि ती पुढं गेली.

२. गड्ड्याच्या जत्रेत हरवली. पोलीस चौकीच्या मंडपात सापडली, पेढा खात बसली होती.

३. मला रात्रपाळी असायची तेव्हा मी दुपारी झोपायचो. ती तिसरीत असेल. दाराची कडी वाऱ्यानं वाजू नये म्हणून ती उंबऱ्यावर बसून कडी हातात धरून ठेवायची. हे मी एकदा फटीतून पाहिलं. ही तशी फार किरकोळ आहे, भाषणात बसेल असं वाटत नाही.

सूत्रधार_मावशी

तिसरी. बाकीच्या दोन सोडा.

सायकलची आठवण मी इतक्या लग्नांत ऐकलीय की बापानं "सायकल" म्हटलं की लोक पुढचं वाक्य मनात पुरं करतात. सीट सोडली, आता हात सोडतोय. आणि त्यात जे काही केलं ते बापानं केलंय. गड्ड्याची आठवण हसवेल, पण तिच्यातून मुलगी कशी आहे ते कळत नाही, कुठलंही पोर हरवतं आणि पेढा खातं. तिसरीत मात्र तिनं स्वतःहून काहीतरी केलंय, कुणी सांगितलं नसताना. आणि ते फक्त तुम्हीच पाहिलंय.

आता ही सांगायची कशी. जे दिसलं तेवढंच सांगा. दार कसं होतं, कडी कसली, वारा कुठल्या महिन्यातला, ती कशी बसली होती. आणि मग थांबा. "यावरून दिसतं की माझी मुलगी किती समजूतदार" हे वाक्य तुमच्या तोंडाशी येईल, ते गिळून टाका. समोरच्यांना ते आधीच कळलेलं असतं.

दुसरं, आठवण भाषणाच्या शेवटी ठेवू नका. सगळे तिथंच चुकतात. शेवटी ठेवली की तिथं आवाज फुटतो आणि भाषण तसंच अर्धवट तुटतं. सुरुवातीनंतर लगेच घ्या. तिच्यानंतर व्याह्यांशी बोलायची साधी, कोरडी दोन-तीन वाक्यं ठेवा, म्हणजे आवाजाला जमिनीवर यायला जागा मिळते.

जॉबर_साखरपेठ

मावशी, एक अडचण आहे. मी पाहिलं हे तिला माहीत नाही. अजूनपर्यंत बोललो नाही मी कधी. अश्विनीताई म्हणतात तिला विचारा. विचारलं तर सांगितल्यासारखंच झालं की.

सूत्रधार_मावशी

मग विचारू नका. यात तिची फजिती नाही. फार तर तिच्या बहिणीला किंवा जवळच्या मैत्रिणीला वाचून दाखवा.

अश्विनी_जे

मला अजूनही विचारलेलं बरं वाटतं. आठवण सुंदर आहे, प्रश्न तो नाही. चारशे लोकांसमोर, मेकअप करून, पहिल्यांदा हे ऐकायचं म्हणजे तिनं काय करायचं? कदाचित तिला हे घरीच, दोघांत ऐकायला आवडेल.

रात्रपाळी_भवानीपेठ

मी पण मागावरच होतो. बारा तासांची पाळी करून आल्यावर दुपारची झोप म्हणजे काय असते ते आम्हालाच माहीत. डोक्यात माग चालूच असतो. कडीचा आवाज सुद्धा सहन होत नाही. जॉबरसाहेब, हे बोलाच. पण एक विचारू का? पोरगी एकटी उंबऱ्यावर का होती? घरात बाई नव्हती का?

जॉबर_साखरपेठ

मंडळी विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असायची. तेव्हा ती विड्या वळायची. सकाळी पानं कापायची, वळून झाल्या की दुपारी जमा करून परत पान-तंबाखू घेऊन यायची. तिकडं रांग असायची, कधी कधी विड्या खराब म्हणून काढून टाकायचे, वेळ लागायचा.

रात्रपाळी_भवानीपेठ

मग हे भाषणात का नाही? तुमच्या मसुद्यात सगळं "मी, मी" आहे. वहिनींचं नावच नाही.

सूत्रधार_मावशी

हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. वधूपित्याच्या भाषणातून आई नेहमी गळते. "आम्ही" असं म्हणतात आणि पुढं जातात. "तिची आई विड्या द्यायला गेली होती" या एका वाक्यानं मुलगी एकटी का होती तेही कळतं आणि घर कसं चाललं होतं तेही. वेगळं कौतुक करावं लागत नाही.

जॉबर_साखरपेठ

तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, विड्यांचं काढा. व्याही शिक्षक आहेत, त्यांच्याकडची सगळी शिकलेली माणसं. लग्नात कशाला ते. मी म्हटलं, त्यात लाज कसली? तर म्हणाली, "लाज नाही, पण माझं आहे ते, तुम्ही का सांगता?" यावर मला बोलता आलं नाही.

श्रीकांत_काका

वहिनी बरोबर बोलतात. मंगल प्रसंगी गरिबीचा विषय नको.

रात्रपाळी_भवानीपेठ

सोलापुरात निम्म्या पूर्व भागाची घरं विड्यांवर उभी राहिली, काका. पोरं इंजिनियर झाली त्याच पैशावर. त्याला गरिबीचा विषय म्हणायचं असेल तर म्हणा.

सूत्रधार_मावशी

काकांचं कारण मला पटत नाही, वहिनींचं पटतं. गोष्ट त्यांची आहे, निर्णयही त्यांचाच. दोन्ही वाक्यं लिहून ठेवा. एक "तिची आई विड्या द्यायला गेली होती", दुसरं "तिची आई कामावर गेली होती". दुसऱ्यानंही आठवण उभी राहते. त्या दिवशी स्टेजवर चढायच्या आधी वहिनींना विचारा.

जॉबर_साखरपेठ

सगळ्यांचं ऐकून नव्यानं लिहिलं. बघा.

"नमस्कार. आपण सगळे आलात, बरं वाटलं. लातूरहून आलेल्या पाहुण्यांचं सोलापुरात स्वागत.

मला भाषणाची सवय नाही. कारखान्यात मागांच्या आवाजात माणूस बोलतो कमी, ओरडतो जास्त. म्हणून लिहून आणलंय.

वैशू तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. मला रात्रपाळी असायची. सकाळी यायचो आणि दुपारी झोपायचो. आमचं घर तेव्हा पत्र्याचं होतं, रस्त्याला लागून. दाराला बाहेरून लोखंडी कडी. मे महिन्यात दुपारी वारा सुटला की ती दारावर आपटायची.

एका दुपारी मला जाग आली. तिची आई कामावर गेली होती. कडीचा आवाज येत नव्हता. मी फटीतून बाहेर पाहिलं. वैशू उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर वही होती, एका हातानं चित्र काढत होती. दुसरा हात वर करून तिनं कडी धरली होती. भाजीवाली आली. वैशूनं पेन्सिल तोंडावर ठेवून तिला पुढं जा म्हणून खुणावलं. हात दुखला की ती हात बदलायची, पण कडी सोडत नव्हती.

मी तिला हाक मारली नाही. परत येऊन पडलो. मला झोप काही लागली नाही.

व्याहीसाहेब, विहीणबाई, तुमच्याकडं काही मागायचं नाही. तुम्ही तिला आवडीनं करून नेताय, ते आम्ही पाहिलंय. कधी आमच्या घरी आलात तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, त्याच्यावर पाहुणचार होईल.

जावईबापू, तुम्ही मला बोलायला लावलंत, बरं केलंत.

वैशू, सुखानं जा. पोचलीस की फोन कर.

आता सगळ्यांनी जेवूनच जायचं आहे."

अश्विनी_जे

मी माझं म्हणणं मागं घेत नाही, पण वाचताना डोळे भरले हे कबूल. "हात दुखला की हात बदलायची" हे पहिल्यांदा लिहिलं होतं त्यात नव्हतं.

जॉबर_साखरपेठ

लिहिताना आठवलं.

श्रीकांत_काका

चांगलं झालंय. पण "काही मागायचं नाही" हे व्याह्यांना लागेल. शिक्षक माणूस, शब्दाचा अर्थ काढेल. "सांभाळून घ्या" नको असेल तर निदान आशीर्वाद तरी मागा. आणि "पोचलीस की फोन कर" हे फारच साधं वाटतं. बापाचा आशीर्वाद भारदस्त हवा.

सूत्रधार_मावशी

फोनचं वाक्य ठेवा, मी त्याच्यासाठी भांडेन. "मागायचं नाही" याबद्दल मात्र काकांना अर्धे गुण. ऐकताना ते पटकन उलट पडू शकतं, तुमचा आवाज त्या क्षणी कसा असेल यावर आहे. "तुम्हाला वेगळं सांगायला नको" असं म्हटलं तर तीच गोष्ट जरा मऊ होते. दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा आणि तोंडात बसेल ते ठेवा.

घड्याळ लावून एकदा वाचा. हा मजकूर सरळ वाचला तर दोन मिनिटांच्या आसपास होईल, थांबत थांबत तीन. रोज एकदा मोठ्यानं वाचा, मनात नाही. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला कळेल की आवाज नेमका कुठं अडकतो. माझा अंदाज "हाक मारली नाही" पाशी. तिथं कागदावर खूण करा. त्या खुणेपाशी आलात की वैशूकडं बघू नका, लांबच्या एखाद्या माणसाकडं बघा, शक्यतो कारखान्यातल्या दोस्ताकडं. पाण्याचा घोट घ्या. लोक थांबतात, कुणाला घाई नसते. आणि अडकलातच तर पुढची ओळ गाळून "व्याहीसाहेब" पासून सुरू करा, कुणाला कळणार नाही.

गड्ड्याचा_पाहुणा

मागं हळू आवाजात सनई लावा मोबाईलवर. लै भारी वाटंल.

साउंड_अक्कलकोटरोड

सनई लावू नका, मी सांगतो. कार्यालयाला वर पत्रा असेल तर आवाज आधीच घुमतो, त्यात सनई आली की शब्द कळत नाहीत. मी लग्नाचेच साउंड करतो.

काका, तुम्ही मागांवरचे, म्हणजे आवाज मोठा. माईकवर ओरडू नका, घरात बोलता तसं बोला, मोठा करायचं काम माझ्यासारख्याचं. माईक तोंडापासून चार बोटं लांब, हनुवटीच्या बाजूला जरा खाली धरायचा. वरची जाळी मुठीत पकडायची नाही, बरेच जण पकडतात, त्यानं शिट्टी वाजते. स्पीकरच्या पुढं जाऊन उभं राहिलात तरी वाजते. शक्य असेल तर माईकला स्टँडच मागा, म्हणजे दोन्ही हात पॅडला मोकळे. कॉर्डलेस असेल तर सेल नवे घाला म्हणून साउंडवाल्याला सांगा, संध्याकाळपर्यंत दुपारचे सेल बसलेले असतात. आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबा, घुमलेला आवाज खाली बसू द्या.

आठची वेळ मावशींनी बरोबर सांगितली. रात्री दहानंतर आम्हाला स्पीकर बंद करावाच लागतो, मग कितीही चांगलं लिहिलेलं असो.

जॉबर_साखरपेठ

स्टँडचं कार्यालयात विचारून ठेवलं. "वेगळं सांगायला नको" हे तोंडात बसतंय, ते घेतलं. पॅड धाकटीचं आहे. तिला वाचून दाखवलं, ती उठून आतच गेली, मग आली आणि म्हणाली, असू दे. विड्यांचं अजून ठरलेलं नाही. मंडळी म्हणते, "त्या दिवशी मला विचारा, तेव्हा सांगते."

रात्रपाळी_भवानीपेठ

वहिनी हो म्हणाल्या तर इथं कळवा.

गड्ड्याचा_पाहुणा

काका, पण जेवणात काय ठेवलंय ते नाही सांगितलं.